ऑफिसात चार वाजता डोकं का उठतं: ट्यूब, काच आणि शेजारचा फोन

जुन्या पद्धतीचा चोक लावलेली ट्यूबलाइट दर सेकंदाला १०० वेळा मंद होते आणि पुन्हा उजळते. आपल्याकडच्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. त्या दोन क्षणांना नळीतला वायू जवळजवळ विझतो. आतल्या पांढऱ्या लेपाची चमक थोडी रेंगाळते, म्हणून पूर्ण अंधार होत नाही, पण उजेड बराच खाली उतरतो. आपल्याला हे दिसत नाही, कारण इतक्या वेगाची उघडझाप मेंदू सलग उजेड म्हणूनच दाखवतो. डोळ्याच्या पडद्याला मात्र ती कळते. या वेगाच्या उजेडाला पडदा विद्युत प्रतिसाद देतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे.

याचा डोकेदुखीशी संबंध आहे का, हे ब्रिटनमधल्या अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसातच तपासलं. त्यांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ट्यूब तशाच ठेवून त्यांनी फक्त चोक बदलले. काही काळ साधे चोक, काही काळ इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक चोक नळीला सेकंदाला सुमारे ३२,००० आवर्तनांनी वीज देतो, त्यामुळे लेपाला मंदावायला सवडच मिळत नाही. कर्मचाऱ्यांना कुठला चोक कधी लावलाय हे सांगितलेलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक चोकच्या काळात डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण यांचं आठवड्याचं सरासरी प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. वरच्या मजल्यांवर, म्हणजे जिथे खिडकीतून जास्त उजेड येत होता तिथे, डोकेदुखी मुळातच कमी होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, टेबलावरचा सगळ्यात उपयोगी उपाय त्यातूनच निघतो.

सगळ्यांनाच हा त्रास होत नाही. एकाच ट्यूबखाली बसणाऱ्या चौघांपैकी तिघांना काही जाणवत नाही आणि चौथ्याचं डोकं रोज धरतं, असं सर्रास होतं. अर्धशिशी असणाऱ्यांना लुकलुकता उजेड जास्त झोंबतो. म्हणून ‘बाकी कुणाची तक्रार नाही’ हे अॅडमिनचं ठरलेलं उत्तर खरं असलं, तरी त्यानं काही सिद्ध होत नाही.

एक टेबल

पुण्या-नाशिकच्या जुन्या व्यापारी इमारतींत सापडेल असं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. पहिला मजला. छताला चार फुटी ट्यूबच्या रांगा, बऱ्याचशा जुन्या चोकवर चालणाऱ्या. टेबलावर हिशेबाचं काम करणारी बाई बसते. दिवसभर एक्सेल आणि कागदी बिलं. खिडकी तिच्या पाठीमागे आहे. दोन टेबलं सोडून वसुलीचे फोन करणारी टीम बसते. सकाळी ती ठीक असते, जेवणानंतर कपाळ आवळल्यासारखं होतं, चार-साडेचारला मान आणि डोक्याचा मागचा भाग दुखू लागतो. रविवारी काही नाही. पावसाळ्यात जास्त.

तिच्या टेबलावर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत: वरून लुकलुकणारा उजेड, स्क्रीनवरची चकाकी आणि कानावर पडणारं बोलणं. तिन्ही मिळून एकच डोकं दुखतं, म्हणून खरा गुन्हेगार ओळखणं अवघड जातं. मग चष्म्याचा नंबर बदलून होतो, उशी बदलून होते, चहा वाढतो. तिघांना वेगळं करायचं तर प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते, आणि त्या सगळ्या चाचण्या हातातल्या फोनवर आणि एका कोऱ्या कागदावर होतात.

ट्यूबची चौकशी

आधी नुसतं बघून काय कळतं? बटण दाबल्यावर ट्यूब दोन-तीनदा मिचकावून मग लागत असेल, पट्टीच्या कडेला स्टार्टरची छोटी डबी असेल आणि शांत वेळी बारीक गुणगुण ऐकू येत असेल, तर चोक जुन्या पद्धतीचा आहे. (ती गुणगुणही सेकंदाला १०० चीच असते. चोकमधल्या लोखंडी पट्ट्या उजेडाच्याच तालावर थरथरतात.) स्टार्टर नाही आणि ट्यूब झटक्यात लागते, तर बहुधा इलेक्ट्रॉनिक चोक आहे.

नळीची टोकं काळी पडली असतील किंवा डोळ्यांना सरळ दिसेल अशी फडफड होत असेल, तर ते वेगळंच प्रकरण आहे. नळी संपत आली की आवर्तनाच्या दोन अर्ध्या भागांत उजेड सारखा पडत नाही, आणि मग १०० ऐवजी ५० चा ठेका सुरू होतो. तो वेग काही जणांना दिसतो, विशेषतः डोळ्याच्या कडेनं. समोरच्या स्क्रीनकडे बघताना वरच्या बाजूला काहीतरी हलल्यासारखं वाटतं, मान वर केली की काही नसतं. हा भास नाही. डोळ्याचा कडेचा भाग लुकलुक पकडण्यात मधल्या भागापेक्षा तरबेज असतो. इथे वाद घालण्यासारखं काहीच नाही, नळी आणि स्टार्टर दोन्ही बदलायचे. स्टार्टर एका वडापावच्या पैशात येतो.

न दिसणाऱ्या लुकलुकीसाठी फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ वापरा. सेकंदाला २४० फ्रेमचा पर्याय असेल तर तो घ्या, १२० असला तरी चालतो. ट्यूबकडे थेट रोखू नका. ट्यूबच्या उजेडात असलेल्या पांढऱ्या भिंतीचं किंवा टेबलावरच्या कागदाचं पाच सेकंद चित्रण करा आणि मंद गतीत बघा. कागद धडधडल्यासारखा उजळत-मंदावत असेल तर लुकलुक आहे. मग तोच कागद खिडकीशी नेऊन फक्त दिवसाच्या उजेडात चित्रण करा. तिथे तो स्थिर दिसायला हवा. हा दुसरा व्हिडिओ टाळू नका, कारण तुलनेशिवाय पहिल्याचा अर्थ लागत नाही. साधा फोटो काढून मात्र फसाल. बरेच फोन दिव्यांची लुकलुक ओळखून शटरचा वेग आपोआप तिला जुळवून घेतात आणि पट्टे पुसून टाकतात. फोटोच काढायचा तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. फोटोत आडवे काळे पट्टे आले की समजायचं.

फोन जवळ नसेल तर पेन्सिल आहे. ती ट्यूबखाली डोळ्यांसमोर झपाझप डावी-उजवीकडे हलवा. स्थिर उजेडात सलग धूसर पंखा दिसतो, लुकलुकत्या उजेडात सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसतात.

ऑफिसात एलईडी लावलेत म्हणून निश्चिंत राहू नका. एलईडीच्या आतला ड्रायव्हर स्वस्त असेल तर तो विजेचे चढउतार तसेच पुढे ढकलतो. एलईडीमध्ये रेंगाळणारी चमक फारशी नसते, म्हणून खराब एलईडी ट्यूब जुन्या ट्यूबपेक्षाही खोल मंदावू शकते. उलट चांगली एलईडी अगदी स्थिर असते. खोक्यावरून हे कळत नाही, व्हिडिओतून कळतं.

उजेडात उजेड मिसळणं

लुकलुक किती खोल आहे हे टक्क्यांत सांगतात. सर्वात जास्त आणि सर्वात कमी उजेडातला फरक घ्यायचा आणि त्या दोघांच्या बेरजेनं भागायचा. पूर्ण विझणारा दिवा १०० टक्के, ढिम्म स्थिर दिवा शून्य. जुन्या चोकवरच्या ट्यूबची लुकलुक नळीच्या प्रकारानुसार बदलते, पण एक तृतीयांशाच्या आसपास धरली तर फार चूक होणार नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं २०१५ साली एलईडी दिव्यांसाठी काढलेल्या शिफारशीत सेकंदाला १०० च्या लुकलुकीसाठी कमी जोखमीची मर्यादा ८ टक्के येते. ती मर्यादा एलईडीसाठी असली तरी आपल्याला अंदाजापुरती चालेल.

आता हिशेबवाल्या बाईंच्या टेबलावर या. समजा छतावरून टेबलावर ३०० लक्स उजेड पडतो आणि त्याची लुकलुक ३६ टक्के आहे. टेबलावर त्यांनी एक स्थिर दिवा ठेवला, त्याचेही ३०० लक्स. आता कागदावर ६०० लक्स पडतात, पण चढउतार फक्त अर्ध्या उजेडात आहे. लुकलुक झाली १८ टक्के. मग बरोबर डोक्यावरची एक नळी काढायला सांगितली आणि छताचा उजेड १५० वर आला, तर ४५० पैकी १५० च लुकलुकतात. ३६ चा तिसरा हिस्सा, १२ टक्के. खिडकीचा पडदा थोडा उघडून दिवसाचा उजेड घेतला की आणखी खाली. छतावरचे चोक न बदलता लुकलुक एक तृतीयांशावर आली. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना कमी त्रास का व्हायचा, पावसाळी अंधारलेल्या दुपारी डोकं जास्त का धरतं, हेही याच हिशेबातून समजतं.

मात्र तो दिवा खरंच स्थिर हवा. यूएसबीवर चालणाऱ्या एलईडी दिव्याला सरळ प्रवाह मिळतो, त्यामुळे पूर्ण प्रकाशात तो बहुधा लुकलुकत नाही. बोट लावून मंद करायचे बरेच दिवे मात्र मंद करताना एलईडीची झपाट्यानं उघडझाप करूनच उजेड कमी करतात. म्हणून दुकानातच तो मंद करून स्लो-मोशन व्हिडिओ काढून बघा. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू दे.

दिवा कुठे ठेवायचा? उजव्या हातानं लिहिणाऱ्यांनी डाव्या बाजूला, शेड डोळ्यांच्या पातळीखाली, तोंड कागदाकडे. दिव्याचा बल्ब बसल्या जागेवरून दिसत असेल किंवा स्क्रीनमध्ये उमटत असेल तर एक त्रास काढून दुसरा विकत घेतला.

काचेवरची चकाकी

स्क्रीन बंद करा आणि नेहमीच्या जागी, नेहमीसारखं बसून काळ्या काचेत काय दिसतं ते बघा. ट्यूब, खिडकी, स्वतःचा पांढरा शर्ट, जे काही दिसेल ते सगळं काम करतानाही तिथेच असतं, फक्त अक्षरांच्या आड लपलेलं. आपल्या बाईंना मागची खिडकी काचेच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात दिसेल. एक्सेलचे शेवटचे रकानेही नेमके तिथेच. ते वाचायला त्या नकळत डावीकडे झुकतात आणि हनुवटी पुढे काढतात. चार वाजता मान दुखते त्यातला बराचसा हिस्सा या झुकण्याचा असू शकतो. चकाकी डोळ्यांत शिरते, पण दुखणं मानेतून बाहेर येतं, म्हणून तिच्यावर संशय जात नाही.

दुसरी चाचणी थेट चकाकीची. कामाकडे बघत असतानाच कपाळावर हात आडवा धरा, उन्हात लांबचं बघताना धरतो तसा. डोळ्यांना लगेच हायसं वाटलं, भुवया सैल पडल्या, तर वरची ट्यूब नजरेच्या कक्षेत येऊन त्रास देतेय. तिला वरून आडोसा हवा किंवा टेबल दोन रांगांच्या मधोमध सरकवायला हवं. एका फुटानंही फरक पडतो. अशा ऑफिसात टोपी घालून बसणारा माणूस विक्षिप्त नसतो, त्यानं चाचणीलाच उपाय करून टाकलेलं असतं.

खिडकी डावीकडे किंवा उजवीकडे येईल असं बसणं सगळ्यात बरं. पाठीमागे असेल तर ती काचेत उमटते, समोर असेल तर तिच्या झगझगाटापुढे स्क्रीन अंधारी वाटते आणि डोळे किलकिले होतात. टेबल हलणार नसेल तर स्क्रीन थोडी फिरवा आणि वरची कड किंचित पुढे, स्वतःकडे झुकवा, म्हणजे काच छताऐवजी तुमच्या छातीकडे बघेल. मॅट फिल्म चकाकी पसरवून बोथट करते, पण अक्षरंही थोडी मऊ होतात. म्हणून बारीक आकड्यांच्या कामाला ती माझ्या मते शेवटचा पर्याय. आणि डार्क मोड? ज्या काचेत खिडकी दिसते तिथे काळ्या पार्श्वभूमीवर ती आणखी ठळक दिसते. अशा टेबलावर पांढरं पानच बरं.

आता स्क्रीनचा स्वतःचा उजेड. लक्स म्हणजे वस्तूवर पडणारा उजेड, निट्स म्हणजे ती वस्तू डोळ्यांना किती उजळ दिसते त्याचं माप. ५०० लक्सखाली ठेवलेला पांढरा कागद साधारण १२५ निट्स इतका उजळ दिसतो, ३०० लक्सखाली जेमतेम ७५. बऱ्याच लॅपटॉपच्या स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर २५० ते ३०० निट्स देतात. म्हणजे मंद ऑफिसात पूर्ण उजळ स्क्रीन शेजारच्या बिलापेक्षा तीन-चारपट झगझगीत असते, आणि बिलाकडून स्क्रीनकडे, स्क्रीनकडून बिलाकडे नजर दिवसभर उड्या मारत असते. कोरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे पांढरे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. मीटर लागत नाही.

इथे एक खाच आहे. काही स्क्रीनसुद्धा ब्राइटनेस कमी करायला उघडझापच वापरतात. पूर्ण प्रकाशात स्थिर असलेली स्क्रीन ३० टक्क्यांवर आणली की सेकंदाला दोन-अडीचशे वेळा मिचकू लागते, असंही होतं. ब्राइटनेस कमी केल्यावर डोकं जास्त दुखायला लागलं तर हे आठवा. वेगवान शटरनं पांढऱ्या स्क्रीनचा फोटो काढा, पट्टे येतात का बघा आणि ज्या पातळीला ते जातात तिथे ब्राइटनेस ठेवा. मग स्क्रीन खाली आणण्याऐवजी कागद वर आणायचा, म्हणजे तोच टेबलावरचा दिवा. तो एकाच वेळी लुकलुक पातळ करतो आणि कागदाला स्क्रीनच्या जवळ नेतो. एकच वस्तू घ्यायची असेल तर तीच घ्या, असं मी म्हणतो ते यासाठी.

पापण्यांचाही एक हिशेब आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात निवांत बसलेली माणसं मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि स्क्रीनवर काम करताना ७ वेळा पापण्या मिटत होती. त्यात एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर डोळे कोरडे पडतात, आणि कोरड्या डोळ्यांना तीच चकाकी दुप्पट झोंबते. झोताला पुठ्ठ्याचा आडोसा लावणं हा आपल्या ऑफिसांतला जुना देशी इलाज आहे, आणि तो बरोबर आहे.

वसुलीचे फोन

आवाज डोक्यापर्यंत वेगळ्या वाटेनं जातो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कारकुनी काम करणाऱ्या ४० स्त्रियांपैकी काहींना शांततेत, तर काहींना खुल्या ऑफिसासारख्या मध्यम आवाजात तीन तास बसवलं. त्यांच्या टायपिंगच्या कामात फरक पडला नाही आणि फार ताण आल्याचं त्यांनी सांगितलंही नाही. पण आवाजातल्या स्त्रियांच्या लघवीत अॅड्रेनालिन वाढलेलं होतं. आणि त्या खुर्चीत कमी हलल्या. शांततेतल्या स्त्रिया अधूनमधून बसण्याची ढब बदलत होत्या, टेबल-खुर्ची जुळवून घेत होत्या. आवाजातल्या ताठ बसून राहिल्या.

डोकेदुखीच्या दृष्टीनं ते न हलणं महत्त्वाचं वाटतं. माणूस आवाज ‘सहन’ करतो तेव्हा खांदे वर घेतो, दात आवळतो आणि तसाच राहतो. मान, जबडा आणि कानशिलं यांचे स्नायू तासन् तास आखडलेले राहिले की पट्टा आवळल्यासारखी डोकेदुखी वर चढते. आपल्याला वाटतं, आवाजाची सवय झाली. सवय झालेली असते ती तक्रार न करण्याची.

त्यातही पंख्याचा किंवा एसीचा आवाज फारसा नडत नाही. नडतं ते कळणारं बोलणं. ‘हॅलो, तीन हप्ते थकलेत तुमचे’ हे वाक्य हळू आवाजात आलं तरी मेंदू त्याचा अर्थ लावतोच, त्याला बंद करायचं बटण नाही. म्हणून आवाज किती मोठा आहे यापेक्षा शब्द किती स्पष्ट कळतात, यावर त्रास ठरतो. चाचणीही तीच: डोळे मिटून एक मिनिट बसा आणि ऐकू आलेली वाक्यं नंतर सांगता येतात का बघा. सांगता आली तर टेबलावर बोलणं पोचतंय.

इथे लोक पैसे टाकून फसतात. आवाज रद्द करणारे महागडे हेडफोन एसीची घरघर आणि गाड्यांचा गडगडाट छान कापतात, कारण ते खालच्या पट्टीतले, सलग आवाज असतात. माणसाचं बोलणं त्याहून वरच्या पट्टीत आणि सतत बदलतं, ते त्यांना तितकं सापडत नाही. घरघर गेली की तिच्याआड दडलेले वसुलीचे फोन उलट स्वच्छ ऐकू येतात. त्यावर तोडगा असा की हेडफोनमध्ये पावसासारखा सलग, अर्थहीन आवाज लावायचा, शब्द विरघळतील इतकाच, त्याहून मोठा नाही. गाणी लावायची तर शब्दांशिवायची, नाहीतर एका बोलण्यावर दुसरं बोलणं. मऊ फोमचे इअरप्लग स्वस्तात बोलणंही बरंच अडवतात, पण ते नीट वळून, कान वर ओढून बसवावे लागतात. दिवसभर घालू नयेत, आकडेमोडीच्या तासाभरापुरते पुरेत.

घट्ट हेडफोनही डोकं दुखवतो. कपाळ किंवा कानशिलं दाबली गेल्यानं होणारी डोकेदुखी वैद्यकीय वर्गीकरणात स्वतंत्र नोंदलेली आहे. दाब आल्यापासून तासाभरात ती सुरू होते आणि दाब काढल्यावर तासाभरात जाते. चष्म्याच्या काड्या हेडफोनखाली दाबल्या जात असतील तर संशयित नंबर एक तोच.

जागा बदलता आली तर बोलणाऱ्यांच्या पाठीमागे बसा. तोंडाच्या दिशेनं शब्द जितके स्पष्ट जातात तितके मागे जात नाहीत. मध्ये उंच फायलींचं कपाट किंवा जाड पडदा असेल तर आणखी बरं. काचेचं पार्टिशन मात्र समोरच्या बाजूनं आलेलं बोलणं परत उधळतं.

तिघांना वेगळं करणं

एका वेळी एकच बदल करा, आणि तो निदान आठवडाभर टिकवा. दिवा, हेडफोन आणि नवी खुर्ची एकाच सोमवारी आणली तर शुक्रवारी बरं वाटेलही, पण कशानं ते कळणार नाही. आधी काहीच न बदलता आठवडाभर रोज दोन ओळी लिहा: डोकं किती वाजता सुरू झालं, कुठे दुखलं, आणि तेव्हा कुठे बसला होतात. कॉन्फरन्स रूममध्ये दिवस गेला आणि दुखलं नाही, वीज गेली आणि खिडकीच्या उजेडात काम केलं तेव्हा बरं वाटलं, वसुलीची टीम सुट्टीवर होती तेव्हा मान मोकळी होती, असे दिवस या नोंदीतून वर येतात. त्यांच्याकडून जितकं कळतं तितकं दुखणाऱ्या दिवसांकडून कळत नाही.

आपल्या बाईंची रविवारची सुटका कामाकडे बोट दाखवते. पावसाळ्यातली वाढ उजेडाकडे, मानेतलं दुखणं काचेकडे किंवा आवाजाकडे. त्यांनी पहिल्या आठवड्यात दिवा आणावा, दुसऱ्यात स्क्रीन फिरवावी, तिसऱ्यात इअरप्लग. उलट कुणाचं डोकं सुट्टीच्याच सकाळी दुखत असेल तर ट्यूबला दोष देण्याआधी बघा, ऑफिसात सकाळपासून चार चहा होतात आणि घरी पहिला दहाला. चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्माही तपासावा. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वापरायला हनुवटी वर करावी लागते, आणि दिवसभर तसं बसलं की मान दुखतेच.

गोळ्यांचा हिशेबही त्याच वहीत ठेवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीच्या ट्रिप्टान १० किंवा जास्त दिवस, अशा काही महिने घेतल्या तर गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवू शकतात. मग कितीही ट्यूब बदला. अचानक, आजवर कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी, सोबत ताप आणि मानेचा ताठरपणा, बोलण्यात किंवा हातापायात फरक, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, अशा वेळी टेबल हलवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

टेबलावरचं सगळं करूनही छत बदलणं अॅडमिनच्या हातात राहतं. तिथे ‘डोकं दुखतं’ असा मेल पाठवला तर तो पडून राहतो. स्लो-मोशनचे दोन व्हिडिओ जोडा, एक ट्यूबखालचा, एक खिडकीजवळचा, आणि मागणी नेमकी करा: आमच्या रांगेचे चोक इलेक्ट्रॉनिक करावेत, किंवा एलईडी घ्यायच्या असतील तर माहितीपत्रकात एसव्हीएम ०.४ किंवा त्याहून कमी लिहिलेल्या घ्याव्यात. न दिसणाऱ्या लुकलुकीचं हे माप आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघात सर्वसाधारण वापराच्या एलईडी दिव्यांसाठी हीच मर्यादा लागू आहे. पुरवठादाराकडे तो आकडा नसेल तर पूर्ण मजल्याची ऑर्डर जाण्याआधी एकच नळी मागवा, तुमच्या टेबलावर लावून घ्या आणि इलेक्ट्रिशियन शिडीवरून उतरायच्या आत कागदाचा व्हिडिओ काढा.